घसा पाहिलात का?

(वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलायला सांगितलं तेव्हा सेक्रेटरींनी सुचवलं होतं की वर्षभराच्या कामाचा आढावा द्यावा. आढावा छापील अहवालात आहे, तो आपण घरी वाचालच. मी आज एका रात्रीची गोष्ट सांगणार आहे. त्या रात्री एका डॉक्टरबाईंना एका लहान मुलीच्या घशात राखाडी पडदा दिसला आणि त्यांना शंका आली. ती शंका दोन दिवस आधी मला यायला हवी होती. आली नाही, म्हणून ही गोष्ट मी सांगतो आहे. मुलीचं, गावाचं, डॉक्टरांचं नाव मी घेणार नाही. गोष्ट त्यांची आहे, चूक माझी आहे.

सातपुड्यातल्या आमच्या पाड्यांवर दसरा-दिवाळी झाली की निम्मी घरं बंद होतात. माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीच्या तोंडावर परत येतात. लेकरंही बरोबरच जातात. ही मुलगी सहा वर्षांची. तिचे आईवडील तिला आणि तिच्या दोन वर्षांच्या भावाला घेऊन होळीच्या आठ-दहा दिवस आधी परतले होते. माझा त्या पाड्यावर संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालतो. सोमवारी ती वर्गाला आली नाही म्हणून मी घरी गेलो. ती खाटेवर पडली होती. आई म्हणाली, कालपासून घसा दुखतो, भाकर गिळत नाही. मी कपाळाला हात लावला. ताप होता, पण फार नाही. मी म्हटलं, "फडावरची धूळ, रात्रीची थंडी, दुसरं काय." पिशवीतलं तापाचं औषध दिलं, कोमट पाणी पाजायला सांगितलं आणि निघालो. घसा मी पाहिला नाही. पिशवीत बॅटरी होती, तरी पाहिला नाही.

पुष्कळदा अशी गोष्ट सांगितली की ऐकणारे विचारतात, मग ते लोक भगताकडे गेले असतील आणि वेळ गेला असेल. नाही, वेळ माझ्यामुळे गेला. घरच्यांना वाटलं, भाऊंनी पाहिलंय, औषध दिलंय, आता उतरेल.

बुधवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास मी दवाखान्यात होतो. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक ओटा, आणि सौर दिवा. डॉक्टरबाई पन्नाशीच्या आहेत, या भागात बरीच वर्षं आहेत. मी औषधांची खोकी पोचवायला गेलो होतो. तेवढ्यात तिचा बाप तिला खांद्यावर घेऊन आला. पाड्यापासून तो चालतच आला होता. मुलगी रडत नव्हती. डॉक्टरबाई नंतर म्हणाल्या, "मला पहिली काळजी तिथंच वाटली. घसा दुखणारं पोर दवाखान्यात शिरताना रडतं. हे गप्प होतं."

त्यांनी काड्या लावून ताप पाहिला, १०० च्या थोडा वर. मग मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहत राहिल्या. नाडी मिनिटाला १४० होती. त्यांनी पुन्हा मोजली. मला म्हणाल्या, "भाऊ, एवढ्या तापाला एवढी नाडी नको. आणि एवढ्या तापानं पोर असं मलूल होत नाही." जबड्याखाली मान दोन्ही बाजूंनी सुजली होती. तोंडाला एक कुजका वास होता. मला वाटलं दात किडला असेल.

मग त्यांनी तोंडाला मास्क बांधला, मला आणि बापालाही बांधायला लावला. श्वासाला घरघर आहे का, गळ्याच्या खळगीत कातडं आत ओढलं जातंय का, हे त्यांनी आधी नीट पाहिलं. ते का, हे मला नंतर कळलं. श्वासाची वाट आधीच अरुंद झाली असेल तर अशा मुलाच्या घशात चमचा घालून जोर करायचा नसतो. मूल घाबरून ओकारी काढतं आणि उरलेली वाटही बंद होऊ शकते. अशा मुलाला मांडीवर बसतं ठेवून तसंच मोठ्या रुग्णालयात न्यायचं. या मुलीचा आवाज थोडा बसला होता, पण श्वासाला आवाज नव्हता. म्हणून त्यांनी तिला बापाच्या मांडीवर बसवलं, एका हातानं त्यानं तिचे दोन्ही हात धरले, दुसऱ्यानं कपाळ. मी बॅटरी धरली. बाईंनी चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबली.

मी खांद्यावरून पाहिलं. डावीकडची गाठ दिसतच नव्हती. तिच्यावर काहीतरी पसरलं होतं. दुधावरची साय राखेत लोळवली तर जशी दिसेल, तसं. मधे जी पडजीभ लोंबते तिच्यावरही ते चढलं होतं आणि टाळूच्या मऊ भागापर्यंत पोचलं होतं. बाईंनी निर्जंतुक कापसाची काडी घेतली आणि पडद्याच्या कडेला हलकेच टेकवली. पडदा हलला नाही. कडेला रक्ताचा एक थेंब आला. तिथंच त्यांनी हात मागे घेतला. तो पडदा ओढून काढायचा नसतो. तो खालच्या मांसाला चिकटलेला असतो, ओढला की रक्त येतं आणि सूज वाढते.

बाई पाच-सात मिनिटं काही बोलल्या नाहीत. ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे गेलो. त्या म्हणाल्या, "अकरा वर्षांत हे पाहिलेलं नाही. पण हा घटसर्पच वाटतो."

घटसर्प म्हणजे डिप्थीरिया. मी विचारलं, "नक्की?" त्या म्हणाल्या, "नक्की कसं म्हणू? नक्की तपासणीनंतर कळतं, आणि तिला चार-पाच दिवस लागतात." मग त्यांनी माझ्यासाठीच, आणि मला वाटतं स्वतःसाठीही, एकेक गोष्ट मोजली. नेहमीचे टॉन्सिल सुजतात तेव्हा पिवळट ठिपके येतात, ते गाठींवरच राहतात, पुसले तर निघतात, आणि ताप चांगला १०२-१०३ असतो. तोंड आलेल्या बाळाच्या तोंडात पांढरं दिसतं, तेही बहुधा पुसून निघतं. इथे पडदा राखाडी आहे, गाठ ओलांडून पडजिभेवर गेला आहे, पुसून निघत नाही, हात लावला तर रक्त येतं. ताप कमी आहे, नाडी पळते आहे, मान सुजली आहे. "या सगळ्यांची बेरीज एकच येते," त्या म्हणाल्या.

"आणि बेरीज चुकली असेल तर?" मी विचारलं.

"चुकली तर रात्रीचा एक फेरा वाया, आणि एका महागड्या औषधाचा त्रास पोरीला उगाच. बरोबर असेल आणि मी रिपोर्टाची वाट पाहिली, तर पोरगीच जाईल."

तो हिशेब मी विसरलेलो नाही. त्या आजारात वाट पाहण्याला एवढी किंमत का आहे, हे त्यांनी मला त्या रात्री जीपमध्ये समजावलं. मी त्यांच्याच शब्दांत सांगतो. घटसर्पाचा जंतू घशातच बसून राहतो, तो फारसा आत शिरत नाही. पण तिथे बसून तो विष तयार करतो, आणि ते विष रक्तातून अंगभर जातं. हृदयाच्या मांसाला आणि नसांना ते चिकटतं. घशातला पडदासुद्धा त्या विषानं मेलेल्या मांसाचा बनलेला असतो. आपली नेहमीची अँटिबायोटिकं जंतू मारतात, पण तयार झालेल्या विषाला काही करत नाहीत. त्या विषावर एकच औषध आहे, ते म्हणजे प्रतिविष. घोड्याला ते विष थोडं थोडं टोचून त्याच्या रक्तात जे तयार होतं, ते काढून शुद्ध करतात. एमिल फॉन बेरिंग यांना या उपचारासाठी १९०१ साली नोबेल मिळालं. सगळ्यात पहिलं वैद्यकाचं नोबेल ते. तेव्हापासून आजतागायत औषध तेच आहे.

"पण एक अट आहे," बाई म्हणाल्या. "वाईट पाहुणा ओट्यावर आहे तोवर त्याला अडवता येतं. घरात शिरून माजघरात बसला की नाही. प्रतिविष रक्तात फिरणारं विष धरतं. जे हृदयाला चिकटलं ते त्याला सुटत नाही. म्हणून प्रत्येक तासाला थोडं विष ओट्यावरून घरात जातंय असं समजायचं."

मी गप्प बसलो. सोमवार संध्याकाळ ते बुधवार संध्याकाळ, ४८ तास. ते मी घालवले होते.

आता पुन्हा दवाखान्यात येऊ. बाईंनी पहिलं काम केलं ते पडद्याच्या कडेला काडी फिरवून नमुना घेण्याचं. तो निर्जंतुक नळीत बंद केला. नमुना अँटिबायोटिकच्या आधी घ्यायचा असतो, नाहीतर जंतू मरतात आणि तपासणीत काही उगवत नाही. मग अँटिबायोटिकची पहिली मात्रा दिली. आणि मग फोन हातात घेतला.

त्यांनी फोनवर काय विचारलं ते ऐका. "बेड आहे का" हे त्यांनी नंतर विचारलं. आधी विचारलं, "घटसर्पाचं प्रतिविष आहे का? किती कुप्या? मुदत तपासून सांगा." सगळ्यात जवळचं रुग्णालय तासाभरावर होतं. सवयीनं आम्ही तिकडेच गेलो असतो. तिथे हे औषध नव्हतं. हा आजार आता क्वचित दिसतो, त्यामुळे प्रतिविषही सगळीकडे ठेवलेलं नसतं. जिथे असतं तिथे फ्रिजमध्ये थोड्याच कुप्या असतात. तिसऱ्या फोनला, घाट उतरून तीन तासांवरच्या मोठ्या रुग्णालयात, दहा कुप्या असल्याचं कळलं. एका कुपीत १०,००० युनिट. बाई म्हणाल्या, "पुरे. चला."

मी विचारलं, "सहा वर्षांच्या पोरीला दहा कुप्या?" त्या म्हणाल्या, "हे औषध मुलाच्या वजनावर देत नाहीत. विष किती आहे त्यावर देतात. दुखणं दोन दिवसांच्या आतलं असतं, पडदा फक्त घशात असता, तर २० ते ४० हजारांत भागलं असतं. चौथा दिवस आणि मान सुजलेली, म्हणजे ८० हजार ते एक लाख." तेव्हा मला माझे दोन दिवस कुप्यांत मोजून मिळाले.

आणखी एक अडचण होती, आणि ती बाजूला बसलेल्या बापाची. बाईंनी त्याला सांगितलं, "दादा, हिला घटसर्प झालाय असं वाटतं." तो माझ्याकडे पाहू लागला. मग म्हणाला, "बाई, तो तर म्हशीला होतो." पावसाळ्याच्या तोंडाला त्याची एक म्हैस गळा सुजून एका रात्रीत मेली होती, आणि ढोरांच्या डॉक्टरनं तेच नाव सांगितलं होतं. आपल्या मराठीत दोन वेगळ्या आजारांना हे एकच नाव आहे. जनावरांचा घटसर्प वेगळ्या जंतूनं होतो, माणसाचा वेगळ्या. म्हशीपासून मुलीला तो आलेला नाही. पण त्या बापाच्या मनात काय आलं असेल? म्हैस सकाळपर्यंत मेली होती. त्याला वाटलं, नेऊन उपयोग काय. तो उठला आणि मुलीला घेऊन घरी निघाला. मरायचंच तर आईजवळ मरू दे.

मी त्याच्या बोलीत समजावलं. बाईंनीही घाई केली नाही. त्या म्हणाल्या, "दादा, नाव एक आहे, आजार दोन आहेत. म्हशीचं मला कळत नाही. याला औषध आहे, आणि ते कुठे आहे हे मी आत्ता फोनवर विचारलंय. मी स्वतः बरोबर येते." त्यांनी दवाखान्याला कुलूप लावलं. ते कुलूप पाहून तो जीपमध्ये बसला असं मला वाटतं.

घाटातले तीन तास मुलगी बापाच्या मांडीवर बसूनच होती. आडवं केलं नाही, काही भरवलं नाही, आणि ती रडू नये याची काळजी घेतली. बाई दर थोड्या वेळानं बॅटरी तिच्या गळ्याच्या खळगीवर धरत. पडदा खाली श्वासनळीच्या तोंडाशी सरकला तर श्वास कोंडतो, आणि मग गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागते. ते जीपमध्ये होणारं काम नव्हतं. सव्वाअकराला आम्ही पोचलो. फोन आधी गेल्यामुळे तिथले डॉक्टर दारात उभे होते.

तिथे मी एक गोष्ट शिकलो. मला वाटलं होतं, गेल्या गेल्या औषध टोचतील. त्यांनी आधी ते पातळ करून थोडंसं देऊन पाहिलं आणि थांबले. शेजारी ॲड्रिनलीन भरून ठेवलं होतं, ऑक्सिजन लावून ठेवला होता. घोड्याच्या रक्तातलं औषध काहींच्या अंगाला सोसत नाही, रक्तदाब एकदम कोसळतो. म्हणूनच बाईंनी हे औषध दोन खोल्यांच्या दवाखान्यात आणून देण्याचा विचारही केला नाही. मुलीला काही झालं नाही. बाराच्या पुढे सलाईनमधून हळूहळू प्रतिविष सुरू झालं. तिला एका वेगळ्या खोलीत ठेवलं.

बाईंनी रात्रीच तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना कळवलं होतं. सकाळी आशाताई आणि नर्सबाई पाड्यावर पोचल्या. घरातल्यांचे आणि माझ्या वर्गातल्या २३ मुलांचे घसे पाहिले, नमुने घेतले. जवळच्या सगळ्यांना सात दिवस अँटिबायोटिक दिलं, ज्याची जी लस राहिली होती ती दिली, आणि आठवडाभर रोज येऊन घसे पाहिले. मलाही तेच औषध मिळालं. मी त्या खाटेशी बसलो होतो आणि नंतर दोन दिवस इतर मुलांत वावरलो होतो, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. मुलीच्या नमुन्यात घटसर्पाचा जंतू उगवला होता. धाकट्या भावाच्या नमुन्यातही उगवला. त्याला ताप नव्हता, घसा दुखत नव्हता, तो अंगणात खेळत होता. असं अंगात काही न होताही मूल जंतू बाळगतं आणि शिंकेतून, खोकल्यातून दुसऱ्याला देतं. त्याची लस आणि औषध तर आधीच सुरू झालं होतं, कारण कोणी रिपोर्टासाठी थांबलं नव्हतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. माझ्या मते संपलीही होती. तिसऱ्या दिवसापासून पडदा सुटू लागला. आठवड्यात घसा स्वच्छ झाला, सूज उतरली. मुलगी हसू लागली, बाहेर खेळायला मागू लागली. होळी दोन दिवसांवर आली होती. सातपुड्यातल्या माणसाला होळी म्हणजे काय हे मी आपल्याला सांगायला नको. बाप म्हणाला, "भाऊ, पोरगी बरी झाली, घरी नेतो." मलाही पटलं. मी बाईंना फोन केला, जीप घेऊन येऊ का म्हणून.

त्या दुपारच्या एसटीनं स्वतः आल्या. बापाजवळ बसल्या आणि त्यांनी एका मुलाची गोष्ट सांगितली. मीही ती पहिल्यांदाच ऐकत होतो. त्या शिकाऊ डॉक्टर असताना एक आठ वर्षांचा मुलगा होता. घटसर्पच. त्याला औषध उशिरा मिळालं होतं, पण घसा साफ झाला, तो जेवू लागला. वडील घरी न्यायची घाई करत होते आणि त्यांनी, आपल्या डॉक्टरबाईंनी, मोठ्यांना न विचारता "न्या" म्हटलं. एसटी स्टँडवर बस पकडायला तो मुलगा धावला आणि तिथेच पडला. दहावा दिवस होता.

"घसा बरा होतो तेव्हा हृदयाची पाळी सुरू होते," त्या म्हणाल्या. चिकटलेलं विष आपलं काम सावकाश करतं. पहिल्या आठवड्याच्या शेवटी आणि दुसऱ्या आठवड्यात हृदयाचं मांस सुजतं, ठोके चुकतात. मूल बाहेरून चांगलं दिसतं, आणि धावलं, जोर केला, तर हृदय थांबू शकतं. म्हणून या दिवसांत उठू द्यायचं नाही आणि हृदयाचा आलेख काढत राहायचं.

बाप ऐकत होता. काही बोलला नाही, पण पिशवी पुन्हा खाटेखाली सरकवली. दुसऱ्या दिवशी काढलेल्या आलेखात बदल दिसला. डॉक्टरांनी ठोक्यांवर लक्ष ठेवणारं यंत्र लावलं. चार दिवस ती कुशीवरही दुसऱ्यांच्या हातानं वळत होती. होळीच्या रात्री मी आणि तिचा बाप खोलीबाहेर बसलो होतो. लांब कुठेतरी ढोल वाजत होता. आत यंत्राचा आवाज येत होता आणि आम्ही दोघे तोच ऐकत होतो. अधूनमधून एखादा ठोका चुकायचा. मग पुढचा यायचा.

ती वाचली. तिसऱ्या आठवड्यात पाणी पिताना ते नाकातून बाहेर येऊ लागलं आणि ती नाकात बोलू लागली. आई घाबरली. तेही त्याच विषाचं, टाळूच्या नसांवरचं काम होतं. पातळ पाण्याऐवजी घट्ट पेज चमच्यानं, बसवून भरवायची, म्हणजे ठसका लागून छातीत जात नाही, असं नर्सनं शिकवलं. ही नसांची कमजोरी बहुतेक आपोआप भरून येते, पण आठवडे लागतात. महिन्याभरानं ती घरी आली तेव्हा थोडी नाकातच बोलत होती. पावसाळ्यापर्यंत ते गेलं. घरी सोडण्याआधी तिला लस दिली होती. हा आजार होऊन गेला म्हणजे पुन्हा होणार नाही असं नाही, याचं मला नवल वाटलं.

आता शेवटचं. ती घरी आल्यावर मी तिचं लसीचं कार्ड मागितलं. पत्र्याच्या पेटीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आईनं जपून ठेवलं होतं. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, या तिन्ही खान्यांत तारखा होत्या. पुढचा दीड-दोन वर्षांचा खाना रिकामा. पाच वर्षांचाही रिकामा. त्या दोन्ही वेळा घर ऊसतोडीला गेलेलं होतं. नर्सबाई पाड्यावर आल्या तेव्हा दाराला कुलूप होतं, आणि कुटुंब परत आलं तेव्हा कोणी विचारलं नाही. लहानपणीच्या तीन लसींचं बळ वर्षांबरोबर कमी होतं, म्हणून हे पुढचे डोस असतात. तिला ते मिळाले नव्हते. कार्ड त्या घरात माझ्या डोळ्यांसमोर होतं. अभ्यासवर्गाच्या नावनोंदणीत मी प्रत्येकाचा जन्मदाखला मागितला होता, लसीचं कार्ड कधीच मागितलं नव्हतं.

आता मागतो. दसऱ्याच्या आधी, घरं बंद होण्यापूर्वी, मी आणि आशाताई प्रत्येक घरी कार्ड पाहतो आणि ज्याचा डोस येत्या सहा महिन्यांत येतो त्याची यादी करतो. ज्यांचा आत्ताच देता येतो त्यांना तो निघायच्या आधी मिळतो. उरलेल्यांच्या कार्डावर नर्सबाई तारीख लिहून देतात, म्हणजे फडाजवळच्या केंद्रात दाखवता येतं. काही जण दाखवतात, काही दाखवत नाहीत. जे दाखवत नाहीत त्यांची नावं होळीच्या आठवड्यात पहिली घेतो.

आपल्यापैकी बरेच जण शहरात राहता. आपल्या घरच्या मुलांचं कार्ड आज रात्री काढून पाहा. पाच-सहा वर्षांचा डोस पुष्कळ सुशिक्षित घरांतही राहून जातो, कारण तोवर बाळाचे दिवस सरलेले असतात आणि कार्ड कपाटात तळाला गेलेलं असतं. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीही एकेक डोस आहे. आणि घसा दुखणारं मूल समोर आलं, तर त्याला उजेडात बसवून "आ" करायला सांगा. पांढरट-राखाडी पडदा दिसला तर तो खरवडू नका, घरात औषध शोधू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि जे पाहिलं ते स्पष्ट सांगा. श्वासाला आवाज येत असेल तर तोंडही उघडायला लावू नका, सरळ निघा.

ती मुलगी आता वर्गात पुढच्या रांगेत बसते. गेल्या महिन्यात एका मुलाचा घसा दुखत होता. मी पिशवीतून बॅटरी काढत होतो, तेवढ्यात तीच त्याला म्हणाली, "तोंड उघड, भाऊंना बघू दे."

प्रभू आपणा सर्वांना राखो.